सत्तावीस वर्षं गळतीची कामं केली, पहिलं पुस्तक नेमकं कशावर लिहू?

गच्चीवाला | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहतो. १९९८ पासून वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. गच्च्या, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, बाहेरच्या भिंती. आता साइट मुलगा बघतो, मी सकाळी एक चक्कर मारतो आणि दुपारी घरी असतो. पुस्तक लिहायचं बऱ्याच वर्षांपासून मनात आहे.

दरवर्षी मी एक वही ठेवत आलो. तारीख, पेठ किंवा उपनगर, घरमालक काय म्हणाले, मला काय दिसलं, काय केलं, पुढच्या पावसाळ्यात काय झालं. अशा चोवीस वह्या हाताशी आहेत.

विषयावर मात्र अडलोय. तीन विचार आहेत. एक, घर बांधताना पायापासून गच्चीपर्यंत काय काय बघावं याचं संपूर्ण पुस्तक. दोन, फक्त वॉटरप्रूफिंगचं तंत्र, म्हणजे कोबा, वाटा, केमिकल, सगळं. तीन, माझा प्रवास. घरचे तिसऱ्याच्या बाजूचे आहेत, मित्र पहिल्याच्या. पहिल्याची अनुक्रमणिका लिहून बघितली तर चाळीस प्रकरणं झाली. त्यातली पाया, आरसीसी आणि वायरिंगची प्रकरणं मला दुसऱ्यांना विचारून लिहावी लागतील.

कसं ठरवावं?

---

मंदार_वाचतो | ३ मार्च, रात्री १०:१५

सोपं आहे काका. अप्पा बळवंत चौकात जा, बांधकामाची फळी बघा आणि जे पुस्तक तिथे नाही ते लिहा. बाजारात जिथे जागा मोकळी, तिथे आपला विषय. वॉटरप्रूफिंगवर मराठीत काही नसेल तर दोन नंबर पक्का करा. बाकी विचार करत बसू नका.

---

नलिनी_पाषाण | ४ मार्च, सकाळी ७:२०

तुमची चाळीस प्रकरणं वाचून मला माझी वही आठवली. मी तीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले. 'संपूर्ण शिवणकाम' लिहायला घेतलं आणि तीन वर्षं त्यातच गेली. परकरापासून सुरुवात केली. परकर, झबलं, पेटीकोट हे सगळं लिहिताना मलाच कंटाळा येत होता, कारण ते कुणीही सांगेल.

मग एक दिवस मुलींचे प्रश्न आठवायला बसले. दर बॅचला एकच प्रश्न यायचा: "बाई, हात वर केला की अख्खा ब्लाउज वर का येतो?" मुंढा खाली कापला की तसं होतं. हाताला मोकळं व्हावं म्हणून मुली मुंढा आणखी खोल कापतात आणि ब्लाउज आणखी वर येतो. हे मी शेकडो वेळा हातात कापड धरून दाखवलंय. आता मी फक्त बिघडलेल्या ब्लाउजवर लिहितेय, आणि लिहिताना हात थांबत नाही.

तुम्हाला लोक सगळ्यात जास्त काय विचारतात?

---

सिंहगडरोडकर | ४ मार्च, सकाळी ९:०५

काका, बरं झालं तुम्ही भेटलात. आमच्या बेडरूमच्या छताला वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली ओल आली आहे. दोन ताटांएवढा डाग आहे, पोपडे पडतायत. एक जण म्हणतो वरची फरशी काढून सगळं नवीन करा, दुसरा म्हणतो फक्त फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरा. वरचे लोक कशालाच तयार नाहीत. कोणतं केमिकल चांगलं?

---

गच्चीवाला | ४ मार्च, दुपारी १:३०

@सिंहगडरोडकर, केमिकलचं नंतर बघू. आधी पाणी कुठलं आहे ते शोधा. बाथरूमखालच्या ओलीत पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं: नळाच्या कन्सिल्ड पाइपातून, नहाणी ट्रॅप आणि त्याच्या पुढच्या सांडपाण्याच्या पाइपातून, किंवा फरशीतून.

आज डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. मग वरच्यांना विनंती करा की चार दिवस ते बाथरूम वापरू नका, पण त्याचा कॉक मात्र चालू राहू द्या. डाग रेघेबाहेर वाढत राहिला तर नळाचा पाइप संशयित. त्याच्यात चोवीस तास दाब असतो, अंघोळ होवो न होवो. डाग वाढायचा थांबला, सुकायला लागला, तर पाइप बहुतेक ठीक आहे.

मग नहाणी ट्रॅपमध्ये फडकं आणि ओली माती घट्ट बसवायची आणि फरशीवर इंचभर पाणी एक-दोन दिवस ठेवायचं. रेघ ओलांडली तर फरशी किंवा तिच्या कडा. नाही ओलांडली तर ट्रॅप मोकळा करून त्यात सावकाश बादल्या ओता. आता ओल आली तर ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप.

एक अडचण सांगून ठेवतो. तुमच्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर भराव केला असेल, म्हणजे संक असेल, तर त्या भरावात जुनं पाणी साठलेलं असतं. ते आठवडाभर, कधी जास्तही, झिरपत राहतं. म्हणून चार दिवसांत सुकलं नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. डाग *वाढतोय* का ते बघा, आणि प्रत्येक चाचणीच्या मध्ये थांबा.

धाग्याचा विषय वेगळा आहे, पण विचारलंत म्हणून लिहिलं.

---

सोळापानी | ४ मार्च, संध्याकाळी ६:५०

गच्चीवाले, मी बावीस वर्षं मराठी प्रकाशनात संपादनाचं काम केलं, बहुतेक सगळं ललितेतर. तुमचा पहिला मजकूर आणि सिंहगडरोडकरांना दिलेलं उत्तर लागोपाठ वाचा. पहिल्यात तुम्ही चाचपडताय. दुसऱ्यात एका दमात लिहिलंय, क्रम आपोआप आलाय, आणि कुठे फसगत होते तेही तुम्ही न विचारता सांगितलंय. तुमचा विषय तिथे आहे, असं मला वाटतं.

वॉटरप्रूफिंग कसं करावं हा नव्हे. पाणी येतंय कुठून, ते कसं शोधावं, हा.

मंदार यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फळी जरूर बघावी. पण पुस्तक नसण्याची कारणं निरनिराळी असतात. कधी लिहिणारा मिळालेला नसतो. कधी माहिती इतकी भराभर बदलते की छापून होईतो शिळी होते. कधी वाचक तो प्रश्न पुस्तकाला विचारतच नाही, मिस्त्रीला विचारतो. मोकळी जागा दिसली की आपण पहिलंच कारण धरून चालतो. माझ्या हातून अशी दोन पुस्तकं निघाली आणि गठ्ठे गोदामात राहिले.

म्हणून आधी वह्यांकडे जा. कुठल्याही पाच-सहा घ्या आणि प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट लिहा: त्या माणसाला काय *ठरवायचं* होतं? केमिकल कोणतं, कंत्राटदार कोण, की पाणी कुठून येतंय. ढीग करा. मग सगळ्यात उंच ढिगात शेवट वेगवेगळा झालेली बारा-पंधरा कामं निघतात का, ते बघा. एकाच शेवटाची पन्नास कामं असली तर त्याचा लेख होतो. पुस्तकाला वेगवेगळे शेवट लागतात, आणि त्यात तुम्ही चुकलात ती कामंही लागतात.

---

हडपसर_साइट | ४ मार्च, रात्री ८:३०

मी सुपरवायझर आहे, पंधरा वर्षं. सोळापानी ताईंचा मुद्दा पटला, पण मला वाटतं पुस्तक आमच्यासाठी हवं. मालकाला कळून काय उपयोग? काम आम्ही करतो. आमची नवीन पोरं गच्ची आणि भिंतीच्या कोपऱ्यात वाटा मारतात तेव्हा आधी भिंतीचं प्लास्टर खरवडत नाहीत. वाटा वरून गोल आणि छान दिसतो, आणि सहा महिन्यांत भिंतीपासून सुटतो. हे त्यांना कोण शिकवणार?

---

मंदार_वाचतो | ४ मार्च, रात्री ९:००

ताई, मान्य. पण 'गळती कशी शोधावी' हे फार छोटं नाही होत? दीडशे पानं भरतील?

---

सोळापानी | ४ मार्च, रात्री ९:४५

डेमी आकाराच्या पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात. म्हणजे दहा फर्म्यांचं, एकशे साठ पानांचं पुस्तक चाळीस हजार शब्दांच्या आसपास. एका चांगल्या कामाची हकिगत दीड-दोन हजार शब्द सहज घेते. पानं भरतात. घरबांधणीच्या चाळीस प्रकरणांना मात्र याच जागेत प्रत्येकी चार पानं येतील, आणि चार पानांत पाया सांगायचा म्हणजे जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच सांगायचं.

---

गच्चीवाला | १९ मार्च, रात्री १०:१०

उशीर झाला, पण बसून काम केलं. सहा वह्या काढल्या: २००१, २००५, २००९, २०१३, २०१७, २०२१. एकूण २१४ कामं. सोळापानी ताईंनी सांगितलं तसं प्रत्येकापुढे पेन्सिलने लिहीत गेलो.

मला वाटलं होतं सगळ्यात मोठा ढीग गच्चीच्या कोब्याचा होईल. तसं झालं नाही. ६१ कामांत माझ्या आधी कुणीतरी पैसे घेऊन काम करून गेलेलं होतं आणि गळती तशीच होती. त्यातली बहुतेक कामं तशी नीट झालेली होती, फक्त चुकीच्या जागी. आणि नऊ ठिकाणी तो आधीचा माणूस मीच होतो. ते वाचताना बराच वेळ पेन्सिल खाली ठेवावी लागली.

दुसरी गोष्ट, केमिकलवरचं मी वह्यांत जे लिहिलंय त्यातलं निम्मं आज निरुपयोगी आहे. २००१ आणि २००५ मध्ये नावं घालून ज्यांचं कौतुक केलंय, त्यातले काही माल आता दुकानात मिळतसुद्धा नाहीत. पण ओल कुठून आली ते शोधण्याबद्दल लिहिलेलं एकही पान जुनं झालेलं नाही. पाणी आजही उताराने जातं आणि फट मिळेल तिथून खाली येतं. तेव्हा दोन नंबर रद्द.

एक काम इथे सविस्तर लिहितो. या ढिगात पुस्तकाचं प्रकरण होण्याएवढं बळ आहे का ते तुम्ही सांगा.

कोथरूडमधली चार मजली सोसायटी. चौथ्या मजल्यावर बेडरूमच्या छताला ओल. सोसायटीने गच्चीवर कोबा नवीन केला, दोन वर्षांनी परत वरून एक थर दिला. लाखाच्या वर खर्च. ओल गेली नाही. मला बोलावलं ते एप्रिलमध्ये. मी वर गेलो, गच्ची कोरडी ठणठणीत, पाय भाजत होते. खाली आलो, छताला हात लावला, हाताला गार आणि ओलं. पाच महिने पाऊस नाही आणि छत ओलं! म्हणजे हे पावसाचं पाणी नव्हतंच. घरातल्या बाईंना विचारलं, ओल उन्हाळ्यात कमी होते का? म्हणाल्या, "नाही हो, बारा महिने अशीच." हा प्रश्न आधीच्या दोघांनी विचारलाच नव्हता. दोघंही जूनमध्ये आले होते, आणि जूनमध्ये गच्चीवर संशय घेणं साहजिक आहे.

गच्चीवर टाकी होती, आतून साधारण तीन मीटर बाय दोन मीटर. रात्री पंप बंद ठेवला, टाकीतून खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि पाण्याच्या पातळीला आतून रंगीत खडूने खूण केली. सकाळी पाणी खुणेवरच. म्हणजे टाकी शाबूत. दुसऱ्या रात्री त्या बाजूच्या चारही फ्लॅटना आपापले मुख्य कॉक बंद करायला सांगितले आणि वरचा फक्त त्यांच्या लायनीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला. सकाळी पाणी चार सेंटिमीटर खाली. सहा चौरस मीटरला चार सेंटिमीटर म्हणजे दोनशे चाळीस लिटर पाणी एका रात्रीत, कुणी नळ न उघडता.

तो पाइप टाकीपासून खाली उतरण्याआधी आठ-नऊ फूट गच्चीवरून आडवा गेला होता. पूर्वी उघडा होता. पहिल्या कोब्यात अर्धा गाडला गेला, दुसऱ्या थरात पूर्ण. जीआयचा पाइप, गंजून सॉकेटजवळ फुटलेला. म्हणजे गळती थांबवायला घातलेल्या कोब्यानेच ती जागा झाकून टाकली होती. पाइप काढून नवीन उघड्यावरून घेतला. सुकायला दोन महिने लागले. खर्च कोब्याच्या शेजारी ठेवण्याजोगाही नव्हता.

---

नलिनी_पाषाण | २० मार्च, सकाळी ७:०५

"ओल बारा महिने असते का" हा तुमचा मुंढा आहे.

---

सोळापानी | २० मार्च, सकाळी ११:३०

प्रकरण आहे, आणि पहिलं प्रकरण हेच ठेवा. त्यात वाचकाला एक प्रश्न मिळतो जो तो त्याच संध्याकाळी स्वतःच्या छताखाली उभा राहून विचारू शकतो.

मात्र पूर्ण पुस्तक लिहायला बसण्याआधी अजून एक चाचणी घ्या. तुम्हाला सगळ्यात अवघड वाटणारं प्रकरण आधी लिहा, तीन हजार शब्द. सोपी प्रकरणं कुठल्याही विषयाची लिहून होतात, त्यावरून विषयाचा दम कळत नाही. लिहिलेलं अशा माणसाला द्या ज्याच्या घरी आत्ता ओल आहे. कसं वाटलं हे विचारू नका. त्याला पेन्सिल द्या आणि जिथे वाचणं थांबलं तिथे खूण करायला सांगा.

आणि सोसायट्यांची नावं आजच बदला. गल्ली, मजला, वर्ष या तीन गोष्टींवरूनही पुण्यात माणूस ओळखू येतो. आधीच्या कंत्राटदाराचा उल्लेख "आधी काम केलेले" एवढाच.

---

गच्चीवाला | ६ एप्रिल, रात्री ९:२०

लिहिलं. अवघड प्रकरण म्हणजे बाहेरच्या भिंतींचं. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्य अंगाने, म्हणून पश्चिमेची भिंत आधी भिजते. पण आत ओल दिसते ती जागा आणि बाहेरची फट यांत सहा-सात फुटांचं अंतर असू शकतं, कधी पूर्ण एक मजला. खिडकीच्या वरच्या छज्जाच्या सांध्यातून पाणी शिरतं आणि खालच्या मजल्यावर स्विचबोर्डाजवळ निघतं. हे शब्दांत सांगताना दोनदा पानं फाडली. शेवटी चित्र काढलं, तेव्हा जमलं.

बावधनच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना वाचायला दिलं. त्यांनी तीन ठिकाणी खुणा केल्या. दोन ठिकाणी मी मिस्त्रीचे शब्द घातले होते, ते बदलतो. तिसरी खूण अगदी शेवटी आणि बाजूला लिहिलं होतं: "शोधलं. आता कंत्राटदाराला काय विचारू?"

यावर माझं मन ठरत नाही. दुरुस्तीत शिरलो की केमिकल येणार, आणि पुस्तक परत दोन नंबरकडे घसरणार. नाही शिरलो तर वाचक दारात उभा राहतो.

मुलाशीही बोललो. तो म्हणाला, "बाबा, शोधायची पद्धत लोकांना कळली तर आपल्याला कोण बोलावणार?" हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही, त्याचं घर यावर चालतं.

---

हडपसर_साइट | ६ एप्रिल, रात्री १०:००

मुलाला सांगा, ज्याला कारण कळलंय तो मालक भाव पाडत नाही. मला तरी असेच मालक परवडतात. बाकी मी अजून म्हणतो, आमच्यासाठी लिहा. आमची पोरं दीडशे पानं वाचणार नाहीत हे खरं, पण तुमची ती भिंतीची चित्रं बघतील.

---

सोळापानी | ७ एप्रिल, सकाळी १०:४०

चित्रं रेघांची ठेवा, फोटो नकोत. ओलीचे फोटो कृष्णधवल छापले की सगळे सारखेच करडे दिसतात. रंगीत हवेतच तर आर्ट पेपरची आठ पानं वेगळी घाला, पण किंमत वाढते.

दुरुस्तीबद्दल माझं मत: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान. काय मागावं, काम झाल्यावर कशी चाचणी घ्यायला लावावी, एवढंच. मालाचं नाव नाही. मालक आणि सुपरवायझर दोघांना एकाच पुस्तकात धरता येईल असं मला वाटत नाही. पण हे मत मी पूर्वी एकदा दिलं होतं आणि तिथे लेखकाने माझं न ऐकता दोघांना धरून दाखवलं. मुलाच्या प्रश्नावर मी काही बोलू नये.

---

सिंहगडरोडकर | ११ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

काका, रेघ मारली होती. वरच्यांना कसंबसं तयार केलं. ते पाच दिवस गावी गेले, कॉक चालू ठेवून. पहिले दोन दिवस डाग तसाच राहिला, मग कडेने सुकायला लागला. म्हणजे नळाचा पाइप नाही, बरोबर? पुढे फरशीवर पाणी भरायला मात्र ते नाही म्हणतात. म्हणाले, "खर्च कोण देणार ते आधी ठरवा, मग चाचणी." आता?

---

गच्चीवाला | ११ एप्रिल, रात्री ९:३०

बरोबर. पाइप बहुतेक सुटला, फरशी किंवा ट्रॅप राहिले.

खर्चाचं असं की, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या आणि बाहेरच्या सामाईक पाइपांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची त्या त्या सभासदांनी. तुमचं दुसऱ्यात येतं. पण 'त्या त्या सभासदांनी' म्हणजे वरच्याने की दोघांनी मिळून, यावरच भांडणं होतात. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते सेक्रेटरींकडून बघून घ्या. आणि वरच्यांना एवढंच सांगा की चाचणीला फक्त फडकं, माती आणि पाणी लागतं. फरशी फोडायची की नाही हे त्यानंतरच ठरेल.

सोळापानी ताई, तुमच्यासाठी एक प्रश्न. हे वाचून परत वह्या उघडल्या. ६१ पैकी सात कामं अशी आहेत की पाणी कुठलं ते सापडलं होतं, तरी खर्चाच्या वादात वर्षभर कुणी हात लावला नाही. यावर प्रकरण घेऊ का? कायदा माझा विषय नाही. पण त्या सात घरांत मी स्वतः उभा होतो.

---

सोळापानी | १२ एप्रिल, सकाळी ८:५०

कायदा लिहू नका. सात घरांत काय बोलणं झालं ते लिहा, आणि ज्या घरात वाद मिटला तिथे तो कशाने मिटला ते. सातपैकी किती मिटले?

---

गच्चीवाला | १२ एप्रिल, दुपारी २:०५

तीन. तिन्ही ठिकाणी वरच्या घरातल्या माणसाला खाली आणून, वर पाणी ओतत असताना, ती पेन्सिलची रेघ दाखवली होती. उरलेल्या चार घरी वरचा माणूस खाली आलाच नव्हता. वहीत लिहिलेलं आहे, पण हे एकत्र कधी वाचलं नव्हतं. आज २००५ ची वही परत काढतो.